एकच विषय, दोन इन्व्हाइट: अजेंडा आणि तयारी कुठे लिहायची याचं एक प्रकरण

एका मध्यम आकाराच्या कंपनीत जुनी बिलिंग प्रणाली काढून नवी आणायची होती. तांत्रिक काम जवळपास उरकलं होतं. दोन्ही प्रणालींवर एकाच महिन्याची बिलं काढून ती ताडून पाहिली होती, विक्रेत्याची माणसं तयार होती. ठरायचं राहिलं होतं ते इतकंच, की नव्या प्रणालीवर कधी जायचं आणि सगळ्या ग्राहकांना एकदम न्यायचं की दोन टप्प्यांत. त्यासाठी एक मीटिंग झाली आणि तीत काहीच ठरलं नाही. आठवड्याभराने त्याच विषयावर, बहुतेक त्याच माणसांची दुसरी मीटिंग झाली आणि सगळं ठरलं, तेही वेळेआधी. मी तेव्हा सल्लागार म्हणून त्या प्रकल्पावर होतो, त्यामुळे दोन्ही इन्व्हाइट आणि दोन्ही मीटिंग पाहता आल्या. कंपनी ओळखू येऊ नये म्हणून आकडे आणि काही तपशील बदलले आहेत.

पहिलं इन्व्हाइट

त्याचं शीर्षक होतं ‘बिलिंग चर्चा’. वेळ गुरुवारी सकाळी 11 ते 12. नऊ जणांना बोलावलं होतं: संचालक, वित्त प्रमुख, आयटी प्रमुख आणि त्यांच्याकडचे दोन डेव्हलपर, ग्राहकसेवा प्रमुख, विक्री प्रमुख, विक्रेत्याचा प्रतिनिधी आणि मीटिंग बोलावणारी प्रकल्प समन्वयक. इन्व्हाइटच्या मजकुरात व्हिडिओ कॉलचा दुवा सोडून काही नव्हतं. आदल्या रात्री आठच्या सुमारास 41 स्लाइड्सची फाइल वेगळ्या ईमेलने गेली, सोबत एक ओळ: ‘उद्याच्या मीटिंगसाठी, कृपया पाहून यावे.’

मीटिंगमध्ये पहिली पंचवीस मिनिटं प्रकल्पाची पार्श्वभूमी सांगण्यात गेली. ती नऊपैकी सहा जणांना आधीपासून माहीत होती. मग वित्त प्रमुखांनी विचारलं, ‘जुन्या आणि नव्या बिलांत फरक किती निघाला?’ उत्तर 33व्या स्लाइडवर होतं: 4,200 बिलांपैकी 63. त्यांचा पुढचा प्रश्न साहजिक होता, की हा फरक कशामुळे. याचं उत्तर लेखा विभागातल्या एका कनिष्ठ सहकारीला माहीत होतं. ती बिलं एकेक करून तिनेच तपासली होती, पण तिला मीटिंगला बोलावलंच नव्हतं. ग्राहकसेवा प्रमुख म्हणाले, माझ्याकडे किती माणसं मोकळी असतील ते बघून सांगावं लागेल. संचालक म्हणाले, मग सगळी माहिती घेऊन पुन्हा भेटू. बारा वाजले.

मीटिंगनंतर कॉरिडॉरमध्ये सगळ्यांचं एकमत होतं की ‘लोक वाचून येत नाहीत’. मला ते निदान अर्धवट वाटलं. समजा सगळ्यांनी 41 स्लाइड्स मन लावून वाचल्या असत्या, तरी त्या दिवशी तारीख ठरली नसती. फरकाची कारणं स्लाइड्समध्ये नव्हती. ग्राहकसेवेकडे किती माणसं आहेत हे स्लाइड्समध्ये असण्याचं कारणच नव्हतं. आपल्याकडून एक आकडा लागणार आहे हे त्या प्रमुखांना कोणी कळवलं नव्हतं. आणि संचालक चर्चेला आले होते, कारण शीर्षकात चर्चाच लिहिलेली होती. आज आपल्याला निर्णय द्यायचा आहे, हे त्यांना साडेअकराला कळलं.

रिकाम्या जागांचं वाक्य

दुसऱ्या मीटिंगची वेळ समन्वयकाने लगेच पुढच्या गुरुवारी राखून ठेवली, शीर्षक आणि एका ओळीच्या हेतूसह. सविस्तर मजकूर सोमवारी घालायचा ठरला. हे दोन टप्प्यांत करण्याला कारण आहे. कॅलेंडरमधली जागा लवकर धरावी लागते, नाहीतर मिळत नाही. पण तयारीची सूचना दहा दिवस आधी पाठवली तर माणूस ‘अॅक्सेप्ट’ दाबतो आणि विसरून जातो. कामाचे तीन दिवस हातात असताना आलेली सूचना वाचली जाते, आणि कोणाला काही शोधून आणायचं असेल तर तेवढ्या वेळात ते शोधताही येतं.

सोमवारी सकाळी तिने अजेंडाचा पहिला मसुदा दाखवला. त्यात चार ओळी होत्या: मागील मीटिंगचा आढावा, तपासणीची स्थिती, तारीख, इतर विषय. असा अजेंडा कुठल्याही मीटिंगला चालतो, आणि याच कारणाने तो कुणाला तयारीला लावत नाही. ‘तपासणीची स्थिती’ वाचून वित्त प्रमुखांनी नेमकं काय करून यायचं?

मी तिला उलट्या बाजूने लिहायला सांगितलं. मीटिंग नीट झाली तर इतिवृत्तात शेवटी कोणतं वाक्य येईल ते आधी लिहा, आणि जे आज माहीत नाही तिथे रिकामी जागा सोडा. तिने लिहिलं:

‘नव्या बिलिंगवर पहिल्यांदा ____ ग्राहक ____ तारखेपासून जातील, ____ प्रकारचा फरक असलेली बिलं त्याआधी दुरुस्त होतील, पहिल्या आठवड्यात ग्राहकांचे फोन ____ घेईल.’

यातल्या रिकाम्या जागा हाच अजेंडा. प्रत्येक जागेपुढे एकच विचारायचं: ही भरायला लागणारी माहिती आज कोणाकडे आहे? असं विचारल्यावर लेखा विभागातल्या त्या सहकारीचं नाव पहिल्याच मिनिटाला पुढे आलं. उलट, दोन्ही डेव्हलपर आणि विक्री प्रमुख यांच्यापुढे लिहिण्यासारखं काही सापडलं नाही. त्या तिघांना कॅलेंडरमध्ये ऐच्छिक उपस्थितांत टाकलं. मजकूर त्यांनाही जाणार होता, फक्त येण्याची सक्ती नव्हती.

मसुद्यातल्या ‘इतर विषय’मध्ये एक विषय होता, ग्राहकांना जाणाऱ्या पत्राचा मजकूर. तो प्रश्नाच्या रूपात लिहायला घेतला तेव्हा लक्षात आलं की तो समन्वयक आणि ग्राहकसेवा प्रमुख दोघं मिळून दहा मिनिटांत संपवू शकतात. तो काढून टाकला. अजेंडा प्रश्नांत लिहिण्याचा हा एक फायदा फारसा कोणी मोजत नाही: काही विषय मीटिंगचे नाहीतच, हे इन्व्हाइट पाठवण्याआधीच कळतं.

दुसरं इन्व्हाइट

सोमवारी दुपारी गेलेला मजकूर हा असा होता.

शीर्षक: बिलिंग बदल: तारीख आणि टप्पे ठरवणे

ठरवायचं आहे: नवं बिलिंग सगळ्यांना एकदम की दोन टप्प्यांत, आणि कोणत्या तारखेला. निर्णय याच मीटिंगमध्ये होईल.
येण्याआधी: खालच्या दुव्यावरचं एक पान वाचा (5 मिनिटं). तुमच्या पदापुढे विचारलेलं उत्तर बुधवारी संध्याकाळी 5 पर्यंत त्याच पानावर लिहा.
दुवा: (पानाचा दुवा)

विषय
1. फरक निघालेल्या 63 बिलांपैकी कोणती दुरुस्त झाल्याशिवाय सुरू करायचं नाही? 20 मि., वित्त
2. एकदम की दोन टप्पे? 12 मि., आयटी
3. पहिल्या आठवड्यात ग्राहकांचे फोन कोण घेणार? 8 मि., ग्राहकसेवा
शेवटची 5 मि.: ठरलेलं वाचून दाखवणे

तयारी
वित्त प्रमुख: कोणता फरक चालेल आणि कोणता अजिबात चालणार नाही, एका वाक्यात.
लेखा: कारण न सापडलेल्या 5 बिलांचं काय निघालं.
आयटी प्रमुख: दोन्ही प्रणाली एकत्र चालवायच्या तर महिन्याला किती जणांचे किती दिवस जातील.
विक्रेता प्रतिनिधी: महिन्याच्या मध्ये योजना बदललेल्या ग्राहकांच्या हिशोबाची दुरुस्ती कोणत्या तारखेला मिळेल.
ग्राहकसेवा प्रमुख: पहिल्या आठवड्यात फोनवर जास्तीचे दोन जण देता येतील का, हो की नाही.
संचालक: लिहिण्याचं काही नाही. दोन पर्यायांपैकी एखादा चालणारच नसेल तर तो मनाशी ठरवून या.

मीटिंग 60 ऐवजी 45 मिनिटांची केली, कारण विषयांची बेरीज तेवढीच भरली.

यातल्या एकेका गोष्टीमागे विचार होता. शीर्षकात पहिला शब्द विषयाचा, शेवटचा ‘ठरवणे’ आणि मधलं मोजकंच, कारण फोनवरच्या सूचनेत शीर्षक आणि वेळ एवढंच दिसतं, आणि लांब शीर्षक तिथे तुटतं. मजकुराच्या पहिल्या तीन ओळींत काय ठरायचं, काय करून यायचं आणि कुठे, एवढं संपवलं. बरेच जण मीटिंगची नोंद उघडतात ती कॉलचा दुवा शोधायला. त्यांच्या नजरेला जे वर असेल तेच पडतं. आउटलुकमधून टीम्सची मीटिंग लावली तर कॉलला जोडून घेण्याची माहिती मजकुरातच येऊन बसते. अजेंडा त्या ठोकळ्याच्या खाली लिहिला तर ठोकळ्यापाशीच इन्व्हाइट संपल्यासारखं दिसतं आणि पुढचं कोणी वाचत नाही. म्हणून अजेंडा त्याच्या वर लिहायचा, आणि तो ठोकळा मात्र पुसायचा नाही, नाहीतर दुवाच जातो.

तयारीपुढे वाचनाचा वेळ लिहिला आहे, तोही खरा. ते पान मी घड्याळ लावून वाचलं होतं. ‘पाच मिनिटं’ लिहून पंचवीस मिनिटांचं वाचन दिलं, तर पुढच्या इन्व्हाइटमधल्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. त्या एका पानावर 63 बिलांची विभागणी होती. 41 बिलांत केवळ काही पैशांचा फरक, कारण जुनी प्रणाली बिलातली प्रत्येक ओळ जवळच्या पैशात आणत होती आणि नवी फक्त एकूण रक्कम. 17 बिलांत महिन्याच्या मध्ये योजना बदलल्यामुळे दिवसांचा हिशोब वेगळा लागलेला. उरलेल्या 5 बिलांचं कारण अज्ञात. त्याखाली दोन पर्याय, प्रत्येकाचा एक मोठा धोका, आणि उत्तरांसाठी रिकामे रकाने. जुन्या 41 स्लाइड्स पानाच्या तळाशी दुव्याने जोडल्या होत्या. त्या वाचायला कोणाला सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मसुद्यातून ऐनवेळी काढली. वित्ताच्या ओळीत आधी लिहिलं होतं, ‘दुरुस्तीला उशीर झाला तर विक्रेत्याचा हप्ता रोखायचा का.’ विक्रेत्याचा प्रतिनिधी त्याच इन्व्हाइटमध्ये होता. इन्व्हाइटचा मजकूर सगळ्यांना एकच जातो, प्रत्येकासाठी वेगळा ठेवता येत नाही. शिवाय ज्यांना एखाद्याच्या कॅलेंडरचे तपशील पाहण्याची परवानगी आहे, त्यांनाही तो वाचता येतो. पगार, दंड, कोणाच्या कामाबद्दलची तक्रार किंवा ग्राहकाचं नाव असलं काही तिथे नको. तो प्रश्न वित्त प्रमुखांशी वेगळा बोलला गेला.

सोमवार ते बुधवार

मजकूर घालून जतन करताना गुगल कॅलेंडर विचारतं की पाहुण्यांना बदल कळवायचा का, आणि `Send` व `Don't send` असे पर्याय देतं. उगाच ईमेलचा मारा नको म्हणून लोक सवयीने दुसरा दाबतात. मग मजकूर कॅलेंडरमध्ये बदलतो, पण तो बदलला हे कोणाला कळत नाही. सोमवारचा हा बदल कळवायलाच हवा होता, तो कळवला. त्यानंतर समन्वयकाने इन्व्हाइटला हात लावला नाही. नवे आकडे, उत्तरं, शंका, सगळं दुव्यावरच्या पानावर. जे बदलत राहणार ते पानावर आणि जे बदलणार नाही ते इन्व्हाइटमध्ये, अशी वाटणी केली नाही तर दोनपैकी एक होतं: रोज एक अपडेट येऊन लोक ते उघडणं सोडून देतात, किंवा इन्व्हाइटमध्ये एक आकडा आणि पानावर दुसरा अशी गत होते.

सोमवारी संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे होकार आले. होकार म्हणजे माणूस येणार, इतकाच त्याचा अर्थ. तो वाचल्याची पावती नाही. खरी पावती पानावरचे रकाने होते. मंगळवारी लेखा आणि आयटी यांचे भरले, बुधवारी दुपारी वित्ताचा. विक्री प्रमुखांनी मात्र फोन केला, जरा नाराजीनेच: ‘मला ऐच्छिक का केलं?’ समन्वयक म्हणाली, ‘सर, तुम्हाला वगळलं नाही. पान बघा, तारखेबद्दल काही अडचण असेल तर तिथे लिहा, ती विचारात घेतली जाईल.’ त्यांनी लिहिलं, की दोन मोठ्या ग्राहकांच्या करारांचं नूतनीकरण पुढच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आहे, तेवढ्यात त्यांची बिलं हलवू नका. पहिल्या मीटिंगमध्ये तासभर बसूनही ही गोष्ट त्यांच्याकडून आली नव्हती.

बुधवारी पाच वाजता दोन रकाने रिकामे होते. पहिला विक्रेत्याचा. त्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘मॅडम, मी कालपासून परवानगीची वाट बघतोय.’ पान कंपनीतल्या लोकांनाच उघडत होतं आणि त्याने पाठवलेली विनंती समन्वयकाच्या इनबॉक्समध्ये इतर ईमेलखाली दबली होती. दुवा लिहिणाऱ्याच्या संगणकावर नेहमीच उघडतो, त्यामुळे ही अडचण लिहिणाऱ्याला कधीच दिसत नाही. बाहेरचा माणूस यादीत असेल तर कंपनीच्या खात्यातून बाहेर पडून दुवा उघडून बघणं, किंवा त्याला पीडीएफ पाठवणं, हे खात्रीचे मार्ग. त्याला पीडीएफ गेली आणि रात्री साडेदहाला दुरुस्तीची तारीख आली.

दुसरा रकाना ग्राहकसेवा प्रमुखांचा. तो संवाद मी समोर बसून ऐकला.

‘सर, तुमची एक ओळ राहिली आहे. फोनवर सांगता का? मी लिहून टाकते.’

‘अहो, माझं वाचायचंच राहिलंय. उद्या मीटिंगमध्ये बोलू ना.’

‘वाचलं नाही तरी चालेल. पहिल्या आठवड्यात फोनवर जास्तीचे दोन जण देता येतील का, एवढंच सांगा.’

‘पुढच्या महिन्यात? नाही. माझे दोघं रजेवर आहेत.’

‘मग “नाही” असं लिहिते. त्याच्या पुढच्या महिन्यात?’

‘हं… तेव्हा जमेल.’

दीड मिनिटाचा फोन. पहिल्या मीटिंगमध्ये हाच प्रश्न ‘बघून सांगतो’वर अडला होता. तयारीची सूचना हो-नाही किंवा एका आकड्यात उत्तर देता येईल इतकी अरुंद असेल, तर न वाचणाऱ्याकडूनही ती वसूल करता येते. ‘कृपया संलग्न फाइल पाहून यावे’ असं लिहिलं असतं, तर बुधवारी फोन करून ती विचारणार तरी काय होती?

गुरुवार

11 वाजून 2 मिनिटांनी सुरुवात झाली. पार्श्वभूमी सांगितली नाही. एका डेव्हलपरने, तो उत्सुकतेपोटी आला होता, थोडं मागचं सांगायला सुरुवात केली, तेव्हा संचालकच म्हणाले, ‘ते पानावर आहे, पुढे चला.’

पहिल्या विषयाला 20 मिनिटं ठेवली होती, 9 पुरली. वित्त प्रमुखांनी लिहिलं होतं, की काही पैशांचा फरक चालेल, पण योजना बदललेल्या ग्राहकाचं एकही चुकीचं बिल जाता कामा नये. लेखा विभागातल्या सहकारीने सांगितलं, की अज्ञात 5 पैकी 3 बिलांचं कारण तेच योजना-बदलाचं निघालं आणि 2 ग्राहकांची जुनी सवलत नव्या प्रणालीत नोंदवायची राहिली होती. म्हणजे दुरुस्त व्हायलाच हवीत अशी बिलं 22, आणि त्यातली 20 एकाच कारणाची. चर्चा करण्यासारखं फारसं उरलं नाही.

दुसऱ्या विषयाला 12 मिनिटं दिली होती, 19 लागली, आणि ती लागणं योग्यच होतं. आयटी प्रमुखांना सगळं एकदम हवं होतं, कारण दोन प्रणाली एकत्र चालवायच्या तर त्यांच्याकडचे दोघं जण महिन्यातले सहा-सहा दिवस अडकणार होते. ग्राहकसेवेचा रकाना सांगत होता की पुढच्या महिन्यात फोन घ्यायला माणसं नाहीत. विक्रेत्याची दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या 18 तारखेला येणार होती. संचालकांनी सगळं एकदम हा पर्याय बाद केला. खरा वाद झाला तो पहिल्या टप्प्यात कोण, यावर. शेवटी ठरलं, की ज्यांची योजना वर्षभरात बदललेली नाही अशा 600 ग्राहकांना पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून न्यायचं. त्यांच्या बाबतीत तो दोष उद्भवण्याची शक्यता सगळ्यांत कमी, आणि फोनही थोडेच येतील. विक्री प्रमुखांनी लिहिलेले दोन मोठे ग्राहक आणि बाकीचे सगळे त्याच्या पुढच्या महिन्यात.

तिसरा विषय 4 मिनिटांत संपला. समन्वयकाने सोमवारचं रिकाम्या जागांचं वाक्य, आता भरलेलं, वाचून दाखवलं. वित्त प्रमुखांनी त्यात ‘योजना-बदलाची दुरुस्ती पुन्हा तपासून झाल्यावरच दुसरा टप्पा’ एवढं जोडायला लावलं. 11 वाजून 37 मिनिटांनी सगळे उठले.

अजेंडापुढच्या मिनिटांबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी. पहिल्या विषयाला जास्त आणि दुसऱ्याला कमी वेळ ठेवला होता, तो अंदाज साफ उलटा ठरला. तरी आकडे उपयोगी पडले. पहिला विषय लवकर संपल्यावर हातात 11 मिनिटं जास्तीची आहेत हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून दुसऱ्या विषयावरचा वाद कोणी घाईने आवरला नाही.

जिथे हे जमत नाही

या प्रकरणात वाचायचं पान एक होतं. विषयच असा असेल की पाच-सहा पानं वाचल्याशिवाय मत देता येणार नाही, तर इन्व्हाइटमध्ये ‘वाचन: 30 मिनिटं’ लिहून ते होईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. तेव्हा वाचनाचा वेळ मीटिंगमध्येच धरावा. अॅमेझॉनची पद्धत या बाबतीत प्रसिद्ध आहे. जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या 2017 सालच्या पत्रात ती सांगितली आहे: स्लाइड्स नाहीत, सलग गद्यात लिहिलेलं सहा पानी टिपण, आणि मीटिंगच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते शांतपणे वाचायचं. ही पद्धत घ्यायची असेल तर इन्व्हाइटमध्ये तसं स्पष्ट लिहावं, ‘पहिली 15 मिनिटं वाचन, आधी वाचून येण्याची गरज नाही’, म्हणजे उशिरा येणारा माणूस नेमकं काय चुकवणार ते त्याला कळतं.

नव्या कल्पना सुचवायच्या मीटिंगला मिनिटांचा हिशोब लावला तर लोक घड्याळाकडे बघत बोलतात. तिथे विषय एकच ठेवून तयारीत ‘तुम्हाला आवडलेली दोन उदाहरणं घेऊन या’ इतकं पुरतं. आणि वरिष्ठाने हाताखालच्या माणसाशी महिन्याने बोलायची जी भेट असते, तिथे अजेंडाची पहिली ओळ हाताखालच्याने लिहावी. त्यासाठी पाहुण्यांना नोंद बदलण्याची परवानगी देता येते, किंवा दोघांचं मिळून एक पान ठेवता येतं.

मग नमुना आला

या मीटिंगचं इन्व्हाइट कंपनीत हातोहात फिरलं आणि त्याचा नमुना झाला. पहिला टप्पा सुरू झाल्यावर दर मंगळवारी अर्ध्या तासाची आढावा मीटिंग लावली, तीही तोच मजकूर चिकटवून, पुनरावृत्तीची मालिका म्हणून. तिसऱ्या आठवड्यातही त्यात ‘तारीख आणि टप्पे ठरवणे’ लिहिलेलं होतं, आणि लेखा विभागापुढे अजून त्या 5 बिलांचा प्रश्न. एका नव्या सहकाऱ्याने ते खरं मानून अर्धा दिवस ती बिलं शोधण्यात घालवला, तेव्हा हे लक्षात आलं.

मालिकेचा मजकूर एका जागी बदलताना गुगल कॅलेंडर `This event`, `This and following events` आणि `All events` असे तीन पर्याय देतं. दर आठवड्याचा अजेंडा तिथे लिहायचा तर दर आठवड्याला पहिला पर्याय निवडून अपडेट पाठवावं लागतं. ते दोन आठवडे होतं, मग राहून जातं. समन्वयकाने मालिकेच्या मजकुरातून अजेंडा काढूनच टाकला. तिथे आता तीनच गोष्टी आहेत: मीटिंग कशासाठी, चालू पानाचा दुवा (ताज्या तारखेचे प्रश्न सगळ्यांत वर), आणि एक नियम, की सोमवारी दुपारी 3 पर्यंत पानावर त्या आठवड्याचा एकही प्रश्न आला नाही तर मंगळवारची मीटिंग रद्द. कोणाला खास काही शोधून आणायचं असेल तेव्हाच ती त्या एका मंगळवारच्या नोंदीत त्याच्या पदापुढे ओळ लिहिते आणि `Send` दाबते.

दुसरा टप्पा सुरू होईपर्यंत त्या मालिकेतल्या बऱ्याच मंगळवारी मीटिंग झालीच नाही. ग्राहकसेवा प्रमुख मात्र अजूनही पान वाचत नाहीत. सोमवारी अडीच वाजता त्यांना फोन जातो.